प्रकल्प नोंदी: दोन्ही टोकं बांधलेली आणि पोटातून तापणारी सळई

१८ सप्टेंबर २०२४

चवथीची सुट्टी संपली. घरातल्या नेवऱ्यांचा डबा अजून संपलेला नाही, पण सरांनी विषय पक्का करून टाकला. स्टेनलेस स्टीलची एक सळई घ्यायची. तिचं एक टोक बर्फात, दुसरं ६० अंशांच्या पाण्यात, आणि सळईतून वीज सोडायची म्हणजे ती आतूनही सगळीकडे सारखी तापेल. मग मधल्या प्रत्येक जागी तापमान काळाबरोबर कसं बदलतं ते गणिताने सांगायचं आणि मोजून पाहायचं. सर्वेश जोडणी आणि मोजमाप बघणार, गणित माझ्याकडे. नोंदी मी ठेवायच्या, कारण त्याचं अक्षर त्याला स्वतःलाच लागत नाही.

सळईची माहिती एकदाच लिहून ठेवते. दोन टोकांमधली लांबी L = १० सें.मी., जाडी ६ मि.मी. उष्णतावाहकता k साधारण १६ वॅट प्रति मीटर-अंश. घनता आणि विशिष्ट उष्णता यांचा गुणाकार ρc सुमारे ४० लाख ज्यूल प्रति घनमीटर-अंश. म्हणून α = k/(ρc) = ४ × १०⁻⁶ चौ.मी. प्रति सेकंद.

तांब्याची सळई का नको, असं सर्वेशने विचारलं. तांबं उष्णता इतक्या सहज वाहून नेतं आणि विजेला इतका कमी विरोध करतं की मध्यभागी नीट फुगवटा आणायला शेकडो अँपिअर लागतील. स्टेनलेसला १७ अँपिअर पुरतात. प्रयोगशाळेत कमी व्होल्टचा, जाड केबलचा एक जुना सप्लाय आहे, तो तेवढे देतो. विरोध धरून हिशेब केला तर १७ अँपिअरला सळईत दर घनमीटरला q = २,५६,००० वॅट उष्णता तयार होते. आकडा मोठा दिसतो, पण आमच्या एवढ्याशा सळईत तो एकूण फक्त ०.७२ वॅट भरतो.

२० सप्टेंबर

समीकरण असं, u म्हणजे x या जागी t या वेळेला असलेलं तापमान:

```
u_t = α u_xx + q/(ρc),   0 < x < L
u(0,t) = 0,   u(L,t) = 60,   u(x,0) = 30
```

३० म्हणजे खोलीचं तापमान. सुरुवातीला अख्खी सळई तेवढ्यावर.

काल रात्री थेट u = X(x)T(t) मांडून सुरुवात केली आणि दोन ओळींत अडकले. याआधी वर्गात केलेल्या सगळ्या गणितांत टोकं शून्यावर असायची, त्यामुळे ती अट किती कामाची आहे हे कधी जाणवलंच नव्हतं. साइन श्रेणीची पद्धत उभी आहे ती बेरजेवर: दोन उत्तरं मिळवली तर बेरीजही उत्तर असली पाहिजे. उजव्या टोकाला ६० पाळणारी दोन फलं मिळवली तर टोकाला १२० येतात. शून्य अधिक शून्य मात्र शून्यच राहतं. q/(ρc) चं तेच: दोन उत्तरांच्या बेरजेत उगम दुप्पट होतो. म्हणजे टोकाचे ६० आणि उगम, दोन्ही अडचणी एकाच जातीच्या आहेत, आणि दोन्ही एकाच वजाबाकीने जातात.

वजा करायचं ते स्थिर स्थितीचं तापमान v(x). खूप वेळ गेल्यावर सळई ज्यावर स्थिरावेल, ते. तिथे काळाचा बदल शून्य, म्हणून k v'' + q = 0, आणि टोकं तीच: v(0) = 0, v(L) = 60. दोनदा समाकलन केलं की झालं:

```
v(x) = 600 x + 8000 x (L - x)
```

पहिला भाग ० आणि ६० यांना जोडणारी सरळ रेषा. दुसरा भाग उगमाने आणलेला फुगवटा, ८००० म्हणजे q/(2k). इथे चिन्ह चुकायला सोपं आहे, मीही आधी चुकले आणि मधे खळगा आला. आतून उष्णता तयार होत असेल तर आलेख वर फुगलाच पाहिजे, v'' ऋणच हवं. कागदावर विश्वास नसेल तर एवढं चित्र डोळ्यांपुढे आणलं तरी पुरतं.

मध्यावर v = ३० + २० = ५०. सर्वांत जास्त तापमान कुठे? v' = 0 लावलं तर x = ८.७५ सें.मी., आणि तिथे ६१.२५ अंश. म्हणजे सळईचं शिखर गरम पाण्याच्या टोकावर नसून त्याच्या सव्वा सेंटिमीटर आत आहे, आणि सळई गरम पाण्यालाही थोडी उष्णता देते! माझा विश्वास बसेना, म्हणून बाहेर जाणारी उष्णता मोजली. डाव्या टोकातून ०.६३ वॅट बर्फात, उजव्या टोकातून ०.०९ वॅट गरम पाण्यात. बेरीज ०.७२. आत जेवढी तयार होते तेवढीच. जमलं.

आता u = v + w लिहायचं. u च्या समीकरणातून v चं वजा केलं की उगम जातो, टोकं शून्य होतात:

```
w_t = α w_xx,   w(0,t) = w(L,t) = 0
w(x,0) = 30 - v(x)
```

हे तर वर्गातलंच गणित.

२३ सप्टेंबर

पायथॉनमध्ये लिहिलं. आलेख छान आले. मध्यबिंदू ५० वर जाऊन बसतो, टोकं ० आणि ६०. सर्वेशला पाठवले, त्याने अंगठा दाखवला. आज साखळीला जाणारी कदंब बस वेळेवर मिळाली, दिवस चांगला.

२६ सप्टेंबर

दिवस चांगला नव्हता. परवाचे आलेख चुकीचे आहेत.

सरांनी एकच प्रश्न विचारला: "शून्य सेकंदाला मध्यबिंदू किती?" मी म्हटलं, ३०. "तुझा प्रोग्रॅम काय म्हणतो?" चालवून पाहिलं, ८० आले.

गुणांक काढताना मी w च्या सुरुवातीसाठी ३० च घातले होते, ३० − v(x) नव्हे. वहीत बरोबर लिहिलेलं, प्रोग्रॅममध्ये जुन्या सवयीने f(x) तसंच गेलं. म्हणजे सळई सुरुवातीला v + ३० वर होती, मध्यावर ५० + ३० = ८०.

ही चूक इथे सविस्तर लिहून ठेवते, कारण ती कशी लपते ते बघण्यासारखं आहे. टोकांची तपासणी केली तर पास, कारण प्रत्येक साइन टोकाला शून्यच असते, गुणांक काहीही असोत. शेवटचं तापमान तपासलं तर पास, कारण w कसंही सुरू झालं तरी विरून जातं आणि v उरतो. समीकरणात घालून पाहिलं तरी पास. चूक पकडणारी जागा एकच, t = 0. आणि मी आलेख काढला होता दहाव्या मिनिटापासून पुढे! दहाव्या मिनिटाला चुकीचं उत्तर मध्यावर ५३.६ देतं, बरोबर उत्तर ४८.१. दोन्ही पुढे ५० कडेच जातात. एक वरून उतरत येतो, एक खालून चढत. ३० वरून तापत जाणारी सळई वरून उतरत का येतेय, हे मला विचारायला हवं होतं.

दुरुस्त केलेला भाग:

```python
import numpy as np
L, al = 0.10, 4.0e-6
A, B, T0, s = 0.0, 60.0, 30.0, 16000.0   # s = q/k

def v(x):
    return A + (B-A)*x/L + 0.5*s*x*(L-x)

def u(x, t, N=200):
    y = v(x)
    for n in range(1, N+1):
        p, odd = n*np.pi, 1-(-1)**n
        b = 2*(T0-A)/p*odd + 2*(B-A)*(-1)**n/p - 2*s*L**2*odd/p**3
        y = y + b*np.sin(p*x/L)*np.exp(-al*(p/L)**2*t)
    return y

assert abs(u(0.05, 0.0) - T0) < 0.1
```

b मध्ये तीन तुकडे आहेत: सुरुवातीचं तापमान, वजा सरळ रेषा, वजा फुगवटा. शेवटची `assert` ओळ आता प्रोग्रॅम सोडून कुठेही जाणार नाही.

t = 0 ला मध्यबिंदू तपासावा, टोकाजवळचा नव्हे. टोकाजवळ सुरुवातीला ३० आणि ० असा एकदम तुटलेपणा आहे, त्यामुळे श्रेणी तिथे उसळते आणि २०० पदं घेतली तरी ३५ च्या वर आकडा दाखवते. पदं वाढवून ती उसळी कमी होत नाही, नुसती टोकाकडे सरकते. एक सेकंद गेला की मात्र ५० च्या पुढची पदं मेलेली असतात आणि सगळं गुळगुळीत होतं.

३० सप्टेंबर

आज गुणांक हाताने लिहून पाहिले आणि एक गंमत दिसली. सुरुवातीचं ३० हे ० आणि ६० यांच्या बरोबर मधलं आहे. त्यामुळे ३० वजा सरळ रेषा हे फल मध्याभोवती उलटसुलट आहे आणि त्यातून फक्त सम पदं येतात. फुगवटा मध्याभोवती सारखा, त्यातून फक्त विषम. पहिला गुणांक −२०.६, तो निव्वळ विजेमुळे. दुसरा +१९.१, तो निव्वळ टोकांमुळे. मध्यबिंदूवर सगळी सम पदं शून्य. म्हणून मध्याला लावलेल्या थर्मोकपलला बर्फ आणि गरम पाणी यांचा पत्ताच नसतो, त्याला फक्त वीज दिसते. हे आम्ही ठरवून केलेलं नाही. खोली ३० अंशांवर असते म्हणून आपोआप झालं.

पहिल्या पदाचा विरण्याचा काळ L²/(απ²) = २५३ सेकंद, सव्वाचार मिनिटं. दुसऱ्याचा त्याच्या चौथाई.

मग मोजण्यासाठी बिंदू निवडताना x = २.५ सें.मी. समोर आला. तिथे v = १५ + १५ = ३०. म्हणजे हा बिंदू ३० वर सुरू होतो आणि शेवटी ३० वरच येतो. सर्वेश म्हणाला, मग तिथे काय मोजायचं, काहीच होणार नाही. प्रोग्रॅमला विचारलं. दहाव्या सेकंदाला ३०.५. तिसाव्याला २८.७. एका मिनिटाला २५.८. अडीच मिनिटांच्या आसपास सर्वांत खाली, २३.७. मग परत हळूहळू वर, पंधरा-वीस मिनिटांनी ३०.

कारण असं: पहिल्या काही सेकंदांत बर्फाची वार्ता अडीच सेंटिमीटर आत पोचलेलीच नसते, वीज मात्र पहिल्या क्षणापासून चालू, सेकंदाला ०.०६४ अंशाने तापवते. मग थंडी पोचते, तिचं पद लवकर संपतं, आणि विजेचं पद चौपट सावकाश सगळं भरून काढतं. तापमान चढलं, पडलं, परत चढलं. v = ३० पाहून "इथे काही नाही" म्हणणं चूक. तिथे w सुरुवातीला शून्य आहे एवढंच, आणि तेही −१५ आणि +१५ एकमेकांना खाऊन.

हा बिंदू मोजायचाच.

४ ऑक्टोबर

पहिली जोडणी. सळई दोन्हीकडून बुचातून थेट पाण्यात घातली. बर्फाचं पाणी शून्यावर, पण बुचाच्या आत, सळईच्या अंगावर, ७ अंश! सहा मिलिमीटरच्या सळईचा पाण्याला लागणारा पृष्ठभाग इतका थोडा की अर्ध्या-पाऊण वॅटची उष्णताही पाण्यात जायला सात अंशांचा उतार लागतो. गणिताला त्याचं काही नाही, A = 7 घातला की v नवीन. पण प्रवाह बदलला की हे सातही बदलणार, ते नको. फोंड्याच्या एका वर्कशॉपमधून सळईची टोकं तांब्याच्या ठोकळ्यांत चांदीच्या डागाने पक्की करून आणायची ठरली. ठोकळे पाण्यात, विजेच्या केबल ठोकळ्यांना.

९ ऑक्टोबर

ठोकळे आले. टोकं आता पाण्याच्या पाव अंशाच्या आत राहतात.

मग बर्फ. कॅन्टीनचा फ्रीज बंद, म्हणून सर्वेश बाजारात जाऊन मासळीवाल्यांकडून फोडलेला बर्फ घेऊन आला. थर्मामीटर −२ दाखवू लागला. आम्ही थर्मामीटर बदलला, दुसराही −२. प्रयोगशाळेतल्या रोहिदासकाकांनी एक खडा उचलून हुंगला आणि म्हणाले, "बाय, ह्या बर्फात मीठ आसा." अख्ख्या प्रयोगशाळेला बांगड्यांचा वास. उद्यापासून घरून ट्रे भरून आणायचे.

खरा त्रास मात्र थर्मोकपलचा. वीज चालू असताना मध्यबिंदू एक आकडा दाखवायचा, वीज बंद करताच त्याच क्षणी तीन अंश खाली. सळई एका क्षणात तीन अंश थंड होऊच शकत नाही, सेकंदाला फार तर ०.०६४. म्हणजे आकड्यातच खोट. सप्लायच्या तारा उलट जोडल्या तर तीन अंश वरऐवजी खाली सरकले. तेव्हा उलगडलं. सळईत दर मिलिमीटरला ०.४३ मिलिव्होल्ट उतार आहे. थर्मोकपलच्या दोन तारा सळईला एकमेकींपासून पाव-अर्धा मिलिमीटर अंतरावर टेकत असतील तर तेवढा व्होल्ट त्यांच्या मापात शिरतो, आणि के जातीच्या थर्मोकपलला ४१ मायक्रोव्होल्ट म्हणजे एक अंश. एक दशांश मिलिमीटरची चूक, एक अंशाची चूक. आता सांध्याखाली कॅप्टॉन टेपचा एक पदर आणि वर पेस्ट. वीज चालू-बंद केली तरी आकडा उडी मारत नाही.

१५ ऑक्टोबर

पहिलं स्वच्छ मोजमाप. सळईभोवती अडीच सेंटिमीटर काचलोकर गुंडाळलेली. थर्मोकपल २.५, ५ आणि ७.५ सें.मी. वर.

२.५ चा बिंदू आधी ३१ पर्यंत चढला, मग घसरला, मग परत चढू लागला. सर्वेश खुर्चीवरून उठून उभा राहिला. सुरुवातीची वाढ गणितापेक्षा जास्त आली, कारण तांब्याचे ठोकळे पाण्यात घातल्यावर थंड व्हायलाच अर्धा मिनिट घेतात. आमचा t = 0 तेवढा बोथट आहे. पहिली चाळीस सेकंदं हिशेबात धरायची नाहीत.

पण शेवटचे आकडे बसत नाहीत. मध्यबिंदू ५० ऐवजी ४६ वर थांबला. २.५ वर ३० ऐवजी २८. आणि ८.७५ चं शिखर शोधायला सर्वेशने चौथं थर्मोकपल सरकवत नेलं, तर तापमान गरम टोकापर्यंत चढतच जातं. ६१.२५ चा उंचवटा गायब.

१७ ऑक्टोबर

उष्णता बाजूने जातेय. काचलोकर असताना? सर म्हणाले, लोकरीचा हिशेब कर, गुंडाळली म्हणजे थांबली असं नसतं.

केला. उघड्या सळईवरून हवेत जाणारी उष्णता दर चौ.मी. दर अंशाला साधारण १० वॅट धरली, तर ३ मि.मी. त्रिज्येवर अडीच सेंटिमीटर लोकर गुंडाळून ती ५.६ वर येते. निम्मीसुद्धा कमी होत नाही! सपाट भिंतीवर हीच लोकर कितीतरी जास्त अडवते. बारीक सळईभोवती थर वाढवला की बाहेरचा पृष्ठभागही वाढतो. लोकरीची वाहकता ०.०४ भागिले १० म्हणजे ४ मि.मी. त्रिज्येपर्यंत तर लोकर चढवून उष्णता उलट जास्तच जाते, आणि आमची सळई त्याच्याही आतली, ३ ची.

म्हणून समीकरणात एक पद वाढवलं:

```
u_t = α u_xx + q/(ρc) - β (u - 30)
```

मला वाटलं, आता सगळं पहिल्यापासून. तसं नाही. वजाबाकी तशीच करायची, फक्त v या नव्या समीकरणाची स्थिर स्थिती. उगम, टोकं आणि खोलीचे ३०, तिन्ही v मध्ये जातात. उरतं ते w_t = α w_xx − βw, टोकं शून्य. साइन त्याच. प्रत्येक पद पूर्वीपेक्षा β ने लवकर विरतं, एवढाच फरक. v आता पॅराबोला नाही, त्यात cosh आणि sinh येतात. ५.६ वरून β = ०.०००९३ प्रति सेकंद घातला तर मध्यावर ४६.१, २.५ वर २८.२, आणि उजव्या टोकाला उतार किंचित धन, म्हणजे शिखर आत नाही. तिन्ही जुळले.

२२ ऑक्टोबर

पण β मी पुस्तकी आकड्यांवरून घातला. तो मापातून यायला हवा, आणि α सुद्धा.

आधी मध्यबिंदू. अंतिम तापमान वजा आत्ताचं तापमान, त्याचा लॉग, काळाविरुद्ध. सरळ रेषा यायला हवी आणि तिचा उतार म्हणजे पहिल्या पदाचा वेग. सर्वेशने आलेख काढला, तर रेषा पाच मिनिटांनंतर वाकून आडवी झाली. त्याने ५० मधून वजा केलं होतं, आमच्या जुन्या v मधून. सळई ४६ वर थांबते, म्हणून ५० − u कधीच ४ च्या खाली जात नाही आणि लॉग तिथेच टेकतो. सळई ज्यावर खरोखर थांबली तेच वजा करायचं. ४६ घातल्यावर रेषा सरळ, वेग ०.००४९ प्रति सेकंद. लोकर नसती तर १/२५३, म्हणजे ०.००३९५ यायला हवा होता.

या एका वेगात α आणि β मिसळलेले आहेत, ते सुटे करता येत नाहीत. इथे ३० सप्टेंबरची गंमत कामी आली. ७.५ आणि २.५ वरच्या आकड्यांची वजाबाकी केली की विषम पदं कटतात, कारण ती दोन्ही जागी सारखी. उरतं दुसरं पद. चौथं या दोन्ही बिंदूंवर शून्यच, आणि सहावं कधीच मेलेलं. त्या फरकातूनही त्याचं अंतिम मूल्य वजा करून लॉग घेतला: वेग ०.०१६७.

पहिला वेग απ²/L² + β. दुसरा 4απ²/L² + β. वजाबाकीत β जातो:

```
0.0167 - 0.0049 = 3 α π²/L²
α = 3.99e-6,   β = 0.00097
```

स्टेनलेससाठी आम्ही धरलेला α ४ × १०⁻⁶ होता. β वरून लोकरीचा आकडा ५.८ येतो, हिशेबातला ५.६. मी दोनदा तपासलं, कुठे आपणच आपल्याला फसवत नाही ना. दुसऱ्या वेगासाठी उपयोगाचा काळ फक्त दोन-अडीच मिनिटांचा आहे, नंतर फरक थर्मोकपलच्या थरथरीत बुडतो, म्हणून α चा तिसरा अंक मी अहवालात लिहिणार नाही.

संध्याकाळी सर्वेश लवकर गेला. त्यांच्या वाड्यावर नरकासुराच्या पुतळ्याचं काम सुरू झालंय, आणि सांगाडा बांधायला त्याच्याइतका तारेवर हात बसलेला दुसरा कोणी नाही.

२५ ऑक्टोबर

अहवालाआधीची शेवटची तपासणी. अर्ध्या तासात गरम पाणी ६० वरून ५७ वर आलं होतं, हे नोंदवहीत होतं, पण आम्ही त्याकडे दुर्लक्ष केलं होतं. टोकच हलत असेल तर स्थिर स्थिती अशी काही राहत नाही. तेव्हा वजा करायचं ते त्या त्या क्षणाच्या टोकांचं v. टोकं परत शून्य होतात, पण v स्वतः काळाबरोबर बदलत असल्याने w च्या समीकरणात एक नवा उगम उरतो, β सोडून दिला तर टोक घसरण्याच्या वेगाएवढा गुणिले x/L. तीन अंश अर्ध्या तासात म्हणजे सेकंदाला ०.००१७, विजेच्या ०.०६४ पुढे काहीच नाही. त्यामुळे मध्यबिंदूला पाव अंशाची मागासलेली चाल येते. तेवढं चालेल. पाणी पाच मिनिटांत तीन अंश उतरलं असतं तर चाललं नसतं.

सरांनी जाता जाता विचारलं, दोन्ही टोकं बर्फ-पाण्यातून काढून लोकरीने बंद केली, वीज चालूच ठेवली, तर काय वजा करशील? मी सवयीने v'' = −q/k लिहिलं आणि दोन्ही टोकांना v' = 0 लावायला गेले. होत नाही. उतार डावीकडून उजवीकडे qL/k ने घटलाच पाहिजे, आणि दोन्हीकडे शून्य असेल तर घटणार कुठे? आत ०.७२ वॅट तयार होतात आणि बाहेर पडायला वाट नाही, मग स्थिर स्थिती असणारच कशी. तिथे काळच वजा करावा लागतो: ०.०६४ t, मिनिटाला जवळजवळ चार अंश, सगळीकडे सारखे. उरलेलं w मग बंद टोकांचं, कोसाइनचं.

"आणि तुमच्या या सळईत?" आमच्या सळईत β आहे, म्हणून ती अशी अखंड चढणार नाही. ०.०६४ भागिले ०.०००९७ म्हणजे ६६, खोलीचे ३० मिळवून ९६ अंशांवर थांबेल. करून पाहायचं होतं, पण रोहिदासकाका सप्लाय न्यायला दारात उभे होते. सोमवारी पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल आहेत.